पहाटेच्या गल्लीतले पाच शब्द

गेल्या कार्तिकात भाऊंचे प्रथम पुण्यस्मरण झाले. आमच्या घरात वडिलांना 'भाऊ' आणि आईला 'बाई' म्हणण्याची रीत आहे. त्या निमित्ताने एक छोटी स्मरणिका काढावी, त्यात नातेवाइकांची मनोगते, भाऊंचे दोन-चार फोटो आणि आमच्या गावातल्या पेठेचे थोडे वर्णन असावे, असे भावंडांनी ठरवले. वर्णन लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. हिशेबाच्या वह्यांपलीकडे मी फारसे कधी लिहिलेले नाही. तरी शाळेतल्या निबंधांच्या आठवणीवर एक परिच्छेद लिहिला आणि पुण्याहून नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी बाईकडे वाचायला पाठवला.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. "छान लिहिलंस. पण एक विचारू? यात मी कुठे आहे?"

मी म्हणालो, "बाई, हे गल्लीचं वर्णन आहे. माणसांबद्दल पुढच्या पानांवर येईलच."

"गल्लीचंच म्हणतेय मी. शेवटी लिहिलंस, आज त्या गल्लीत नुसता शुकशुकाट आहे. अरे, मी राहते ना इथं? रोज पहाटे पाचला दार उघडते, सडा घालते. मग शुकशुकाट कसा?"

मला उत्तर सुचले नाही. ती पुढे म्हणाली, "येशील तेव्हा गुरुजींना दाखव. तुझं मराठी त्यांनीच घडवलंय."

माझा तो परिच्छेद असा होता: 'पहाटेचे पाच वाजलेले. आमच्या पेठेच्या गल्लीत निरव शांतता पसरलेली. सारे कसे स्तब्ध. दूर कुठे कोंबडा आरवतो. घराघरांत सामसूम. भाऊंच्या दुकानाच्या फळ्या अजून लागलेल्या. आणि आज, भाऊ गेल्यावर, त्याच गल्लीत नुसता शुकशुकाट.'

सात वाक्यांत शांततेचे पाच शब्द मी वापरले होते आणि ते एकमेकांच्या जागी सहज चालतील, असे मला वाटत होते. शनिवारी मी गावी गेलो, तेव्हा गुरुजींनी कागद घेतला, चष्मा पुसला आणि शिसपेन्सिलीने त्या पाचही शब्दांखाली रेघा ओढल्या.

"पहिली चूक लिहिण्याची," ते म्हणाले. "निरव नव्हे, नीरव. निः आणि रव. विसर्गापुढे र आला की विसर्ग जातो आणि आधीचा स्वर दीर्घ होतो. नीरस, नीरोग, तसा नीरव. रव म्हणजे आवाज. जिथे आवाजच नाही, ते नीरव. आता तूच सांग, पहिल्या ओळीत नीरव लिहिलंस आणि तिसऱ्या ओळीत कोंबडा आरवला. मग नीरव राहिलं कुठे?"

मी हसलो. ते मात्र गंभीर होते. "तू उद्या पहाटे ओट्यावर बस आणि ऐक. जो शब्द कानाला खरा वाटेल तेवढाच ठेव. बाकीचे खोड."

त्या रात्री मी बाईला लवकर उठवायला सांगितले. हे सांगणे तसे निरर्थकच होते. तिच्या आधी उठणारे आमच्या घरात पूर्वीही कुणी नव्हते आणि आता तर घरात ती एकटीच असते.

साडेचारला मी शाल गुंडाळून ओट्यावर बसलो. काळोख होता. पहिली दहा मिनिटे काहीच ऐकू आले नाही, आणि मग हळूहळू कळले की ऐकू येत नव्हते असे नाही, माझे कान अजून शहरातच होते. गटाराच्या कडेला रातकिडे एकसारखे वाजत होते. कुणाच्या तरी गोठ्यात बैलाने मान हलवली आणि गळ्यातले घुंगरू एकदा खुळखुळले. आणि विठ्ठलमंदिराकडून टाळांचा आवाज येत होता. कार्तिकातला काकडा चालू होता, हे मी लिहिताना विसरूनच गेलो होतो. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आमच्या गावात रोज पहाटे काकडा होतो. त्या महिन्यात पहाटेची गल्ली नीरव असणे शक्यच नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. हमरस्ता आमच्या घरापासून बराच लांब आहे, दिवसा तिकडचे काही ऐकू येत नाही. पण त्या पहाटे वळणावर गिअर बदलणाऱ्या ट्रकचा आवाज अगदी वेशीवरून आल्यासारखा आला. यामागे हवेचे कारण आहे. रात्रभर जमीन निवते, जमिनीलगतची हवा थंड होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. दिवसा वर निघून जाणारा आवाज अशा वेळी वरच्या थरातून वाकून पुन्हा खाली येतो आणि दूरवर पोचतो. म्हणजे पहाटे आवाज नसतात असे नव्हे, तर जवळचे आवाज थांबलेले असतात आणि लांबचे येऊन पोचतात. लहानपणी पहाटेची शांतता इतकी मोठी का वाटायची, याचे उत्तर मला तिथे मिळाले. तिच्यात लांबच्या वळणापर्यंतची जागा मावत असे. मी 'नीरव'वर काट मारली. तो शब्द बंद तळघराला किंवा हिमालयातल्या एखाद्या शिखराला शोभेल, आमच्या गल्लीला नाही.

'स्तब्ध'ची पाळी लगेच आली. गुरुजींनी आदल्या दिवशी सांगितले होते की स्तब्ध आणि स्तंभ हे एकाच धातूचे शब्द आहेत. खांबासारखे जागच्या जागी थांबणे म्हणजे स्तब्ध होणे. त्या शब्दाचा संबंध आवाजापेक्षा हालचालीशी आहे, आणि त्यात एक धक्का दडलेला आहे. वाईट बातमी ऐकून माणूस स्तब्ध होतो. वारा पडल्यावर झाडे स्तब्ध होतात, कारण आधी ती हलत होती. पहाटेच्या गल्लीला कुणी धक्का दिलेला नसतो. मी समोरच्या कडुनिंबाकडे पाहिले. वारा नव्हता, तरी शेंड्याची पाने मधूनच हलत होती. एखादा पक्षी जागा बदलत असावा. 'स्तब्ध' मी खोडला. हा शब्द खरोखर लागू पडेल असा एकच क्षण मला आठवला. गेल्या वर्षी भाऊंना घेऊन गाडी गल्लीत शिरली, तेव्हा दुकानांतले लोक फळीवर हात ठेवून उभे राहिले होते. तेव्हा गल्ली स्तब्ध झाली होती. ती पहाट नव्हती, दुपारचे तीन वाजले होते.

'सामसूम'विषयी मला वाटले होते की हा तरी टिकेल. पण तोही चुकीच्या वेळी आला होता. सामसूम ही रात्रीची असते. जेवणखाण आटोपते, कंदील बारीक होतात, शेवटचे दार लागते आणि मग सामसूम होते. आपण 'सामसूम झाली' असे म्हणतो, तेव्हा काहीतरी मिटत गेलेले असते. चोरही सामसूम होण्याची वाट पाहतो. पहाटेला उलटी क्रिया चालू असते. एकेक गोष्ट उघडत जाते. बाहेरून ती सामसुमीसारखी दिसते खरी, पण आत घराघरांत माणसे जागी झालेली असतात. त्यांनी फक्त आवाज केलेला नसतो.

इथे मला आजीची आठवण झाली. भाऊंच्या आई पहाटे कधीही मोठ्याने बोलत नसत. बादली जमिनीवर ठेवताना खाली आधी हात धरीत, कडी सरकवताना ती पदरात पकडीत. आम्ही मुले उठून बडबड करू लागलो की ओठांवर बोट ठेवीत आणि म्हणत, "सूर्य उगवू दे. आता मोठ्यानं बोललास तर भिंतीवरची पाल जागी होईल आणि माशी धरेल. शेजारची माणसं उठतील, चुली पेटतील, जाती फिरतील. त्या साऱ्या हिंसेचा वाटा तुझ्या पदरी." आपल्या श्रावकाचारात ही शिकवण फार जुनी आहे. अंधारात उठावे, नवकार मनात म्हणावा, आपल्या आवाजाने दुसऱ्याचा आरंभ-समारंभ सुरू होऊ नये याची काळजी घ्यावी. त्या वेळी पालीची गोष्ट ऐकून आम्हांला हसू यायचे. आता कळते की आमच्या गल्लीतली पहाटेची शांतता आपोआप पडलेली नव्हती. ती माणसांनी सांभाळलेली होती.

त्या सांभाळण्याला मराठीत नेमका शब्द कोणता, यावर मी बराच वेळ अडलो. 'दबक्या आवाजात' असे मी आधी मनाशी लिहून पाहिले. पण दबका आवाज भीतीचा किंवा कारस्थानाचा असतो. दबणारा माणूस कुणाच्या तरी वजनाखाली असतो. 'मौन' म्हणावे, तर तो शब्द मुनीवरून आला आहे. बोलण्याची शक्ती असून न बोलण्याचे व्रत म्हणजे मौन, आणि आजी व्रत म्हणून गप्प नव्हत्या. त्या बोलत होत्या, फक्त हळू. शेवटी तोच शब्द मला खरा वाटला: 'हळू'. मराठीत हळू म्हणजे लहान आवाजात आणि हळू म्हणजे सावकाशही. आजींची बादली दोन्ही अर्थांनी हळू ठेवली जात असे. तीन गुप्तींपैकी वचनगुप्ती आणि कायगुप्ती या दोन्ही त्या एका साध्या शब्दात येतात, असे मला ओट्यावर बसल्या बसल्या वाटून गेले.

भाऊंनी हा संस्कार पुरेपूर उचलला होता. राई प्रतिक्रमणासाठी ते पाचच्या आधी स्थानकात जात. तिथे आठ-दहा जण असत. पाठ इतक्या खालच्या आवाजात चाले की बाहेरून जाणाऱ्याला फक्त एक गुणगुण ऐकू यावी. आणि मधेच, काउसग्गात सगळे मनातल्या मनात लोगस्स म्हणू लागले की ती गुणगुणही थांबे. मी लहानपणी बाहेरच्या पायरीवर बसून ती थांबण्याची वाट पाहत असे. ती जागा रिकामी नसे. कुणीतरी मोजत आहे, हे बाहेरूनही जाणवे.

आमच्या दुकानाला शटर फार उशिरा आले. त्याआधी लाकडी फळ्या होत्या, एकूण अकरा, आणि प्रत्येकीवर रंगाने आकडा घातलेला. रात्री एकापासून अकरापर्यंत त्या खाचेत सरकवायच्या, सकाळी अकरापासून उलट्या काढायच्या. फळी खाचेतून सुटताना हातातून निसटली, तर बंदुकीच्या बारासारखा आवाज होई. भाऊ सामायिक आटोपून येत, पण सूर्य वर येईपर्यंत फळीला हात लावीत नसत. नवकारशीची अठ्ठेचाळीस मिनिटे झाली, पच्चक्खाण पारून पाणी घेतले, की मग फळ्या निघत. पहिली फळी ते दोन्ही हातांनी धरून अलगद भिंतीला टेकवीत. शेवटच्या दोन-तीन मात्र खुशाल दणक्यात ठेवीत. तोवर गल्ली उठलेली असे आणि दुकान उघडल्याची ती दवंडीच असे. आवाज कधी करायचा आणि कधी नाही, यातले तारतम्य त्या अकरा फळ्यांत होते.

सव्वापाचच्या सुमारास काकडा संपला. शेवटची आरती झाली, टाळ थांबले, माणसे घरोघर गेली. आणि मग सुमारे वीस मिनिटे गल्लीत असे काहीतरी होते, ज्याला माझ्या परिच्छेदात जागाच नव्हती. काकडा संपलेला, दूधवाले अजून निघालेले नाहीत, पहिली एसटी यायची आहे. एक काम संपून दुसरे सुरू होण्याआधीचा हा मोकळा वेळ. याला आपल्याकडे शब्द आहे: उसंत. पाऊस उसंत घेतो आणि पुन्हा कोसळतो. दिवाळीच्या गर्दीत दुकानदार म्हणतो, 'पाणी प्यायला उसंत नाही.' उसंतीच्या दोन्ही बाजूंना काम असते. नसेल तर ती उसंत नव्हे, रिकामपण होय. निवृत्त माणसाकडे वेळ असतो, उसंत नसते. हा शब्द पाठ्यपुस्तकी वर्णनात सापडत नाही, कारण तो ऐकायला आधीचे आणि नंतरचे दोन्ही ऐकावे लागते. मी तो कागदाच्या समासात लिहून ठेवला.

आता 'शांतता' उरली. ती खोडावी असे गुरुजींचे म्हणणे नव्हते. ते म्हणाले होते, "शांत हा शब्द शम् धातूचा. शमणे म्हणजे उठलेले खाली बसणे. ताप शमतो, भांडण शमते. शांत म्हटलं की आधी काहीतरी उसळलेलं होतं, हे गृहीत असतं. आदल्या दिवसाचा बाजार कसा होता, ते लिही; मग पहाटेला शांत म्हण."

हे ऐकून मला एका महाराजसाहेबांचे व्याख्यान आठवले. कर्माचा उपशम आणि क्षय यांतला फरक सांगताना त्यांनी निवळीचा दृष्टांत दिला होता. तत्त्वार्थसूत्रावरच्या प्राचीन टीकेतही तो आहे. गढूळ पाण्यात निवळीची बी उगाळून घातली की गाळ खाली बसतो आणि पाणी स्वच्छ दिसते. पण गाळ भांड्यातच असतो. भांडे हलले की पुन्हा वर येतो. हा उपशम. तेच स्वच्छ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घेतले आणि गाळ मागे राहिला, तर तो क्षय. म्हणूनच अकराव्या, उपशांतमोह गुणस्थानावर पोचलेला जीवही पुन्हा खाली येतो आणि बाराव्या, क्षीणमोहावरचा येत नाही. आपले 'निवळणे' हे क्रियापद त्या निवळीच्या शेजारचेच आहे. पाणी निवळते, आभाळ निवळते, रागावलेल्या माणसाचा चेहराही निवळतो.

आमच्या गल्लीची पहाट ही अशी निवळलेली असे. शनिवारी आठवड्याचा बाजार. भुसाराच्या गोण्या, तराजूंची खणखण, घासाघीस, उधारीवरून चढलेले आवाज, संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीचे पाणी गढूळ होई. रात्रीतून तो गाळ खाली बसे. रविवारच्या पहाटे वरचे पाणी स्वच्छ दिसे, पण गाळ तळाशी आहे आणि सकाळी पहिली फळी निघाली की तो पुन्हा उठणार, हे सर्वांना ठाऊक असे. ही शांतता उपशमाची. जिवाच्या बाबतीत आपल्याला उपशम पुरत नाही, क्षयच हवा असतो. गल्लीच्या बाबतीत मात्र उलटे आहे. तिथला गाळ म्हणजे माणसांचा राबता. तो कायमचा गेला, तर मागे राहिलेल्या स्वच्छ पाण्याचे करायचे काय?

इथपर्यंत मी पोचलो, तेव्हा उजाडू लागले होते आणि बाईचा शुकशुकाट अजून बाकी होता.

साडेपाचला तिने दार उघडले. मी ओट्याच्या टोकाला बसलेला तिला दिसलो नसावा, किंवा दिसूनही तिने तसे दाखवले नाही. आधी कडी सरकली, पदरात धरलेली. मग खराटा. मग गळण्यातून गाळलेल्या पाण्याचा सडा, शिंतोडा उडून मातीवर पडतानाचा तो बारीक आवाज. तिच्या दारापुढे झाल्यावर ती शेजारच्या कुलूपबंद दारापुढे गेली आणि तिथेही खराटा फिरवला. त्यापुढच्या दारापुढेही. ती तीन घरे आमच्या चुलत्यांची आणि त्यांच्या शेजाऱ्यांची. कुणी पुण्याला, कुणी मुंबईला. मी विचारले, "बाई, त्यांच्या दारासमोर का झाडतेस?"

"पाचोळा काय घर बघून पडतो?" ती म्हणाली आणि पुढे झाडत राहिली.

सहा ते साडेसहा मी गल्लीत फेरी मारली. एकोणीस घरे आहेत. त्यांपैकी अकरांना कुलूप आहे. पण पहाटे ते जाणवतच नव्हते. बंद दारामागे झोपलेली माणसे असतील की कुणीच नसेल, हे काळोखात सांगता येत नाही. जी आठ घरे राहती होती, त्यांतून चरवीत पडणाऱ्या दुधाच्या धारेचा, खोकल्याचा, रॉकेलची जागा घेतलेल्या गॅसच्या शेगडीचा आवाज येत होता, आणि तेवढा पहाटेला पुरत होता. चाळीस वर्षांपूर्वी एकोणीस घरांतूनही याहून फार मोठा आवाज नव्हता, कारण तेव्हा सगळेच हळू होते. पहाट मला जवळजवळ होती तशीच सापडली.

म्हणून मी तिथेच थांबलो. नवकारशीनंतर चहा घेतला आणि पुन्हा ओट्यावर बसलो. आठ वाजले. नऊ वाजले. दहा वाजले. ऊन गल्लीच्या मध्यावर आले. आणि तेव्हा, त्या लख्ख उन्हात, तो शब्द आला. रविवारी दहाला, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, उरलासुरला माल घ्यायला शेजारच्या खेड्यांतून लोक येत. गल्लीतून वाट काढावी लागे. आता शिंप्याचे एक दुकान आणि एक मोबाइल रिचार्जची टपरी उघडी होती. मोटारसायकलवरून एक मुलगा न थांबता निघून गेला. एक कुत्रे गल्लीच्या मधोमध पसरले होते, आणि त्याला उठवायची गरज कुणाला पडत नव्हती.

शुकशुकाट म्हणजे नुसता आवाज नसणे नव्हे. जिथे ज्या वेळी गर्दी असायला हवी, तिथे त्या वेळी ती नसणे म्हणजे शुकशुकाट. रानात शुकशुकाट होत नाही. मध्यरात्री होत नाही. पहाटेही होऊ शकत नाही, कारण पहाटे कुणी गिऱ्हाइकाची वाट पाहत नाही. २०२० च्या टाळेबंदीत वर्तमानपत्रांनी हा शब्द रोज छापला, तो भर दिवसाच्या बाजारपेठांसाठी. आपण व्यापारी माणसे या शब्दाला सर्वांत जास्त घाबरतो आणि त्याचा अर्थही सर्वांत नेमका ओळखतो: उघडे दुकान, पुसलेला तराजू आणि रिकामा रस्ता. माझा शब्द खोटा नव्हता. मी तो पाच तास आधी वापरला होता.

आणि पाच तास आधी वापरल्यामुळे मी बाईला पुसून टाकले होते. दहाच्या गल्लीत नसलेली माणसे मोजणे रास्त आहे. पहाटेच्या गल्लीत असलेले माणूस ऐकले पाहिजे होते.

दुपारी गुरुजींकडे नवा परिच्छेद घेऊन गेलो. तो असा:

'शनिवारचा बाजार रात्री उशिरा शमे. रविवारी पहाटे काकडा संपला, की दूधवाले निघेपर्यंत पेठेच्या गल्लीला थोडी उसंत मिळे. स्थानकातली गुणगुण मधेच थांबे आणि पुन्हा सुरू होई. लांबच्या वळणावरची गाडी ऐकू येई. घराघरांत माणसे जागी असत, पण सूर्य उगवेपर्यंत सगळे हळू. भाऊ पहिली फळी दोन्ही हातांनी अलगद काढून ठेवीत. आज दहा वाजता त्या गल्लीत शुकशुकाट असतो. पहाटे मात्र अजून एक कडी हळू सरकते आणि चार दारांपुढे सडा पडतो.'

गुरुजींनी तो दोनदा वाचला. पेन्सिल उचलली आणि 'चार'च्या खाली रेघ ओढून माझ्याकडे पाहिले.

"मोजली आहेत," मी म्हणालो. "एक तिचं, तीन बंद."

त्यांनी रेघ खोडरबराने पुसली.

संध्याकाळी बाईला वाचून दाखवले. ती गहू निवडत होती. ऐकून झाल्यावर लगेच काही बोलली नाही. सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला. मी म्हणालो, "बाई, मागचं लिहिलेलं चुकलं होतं. मिच्छामि दुक्कडम्."

"संवत्सरी झाली की," ती म्हणाली. "आता पुढच्या वर्षी माग." मग सूप बाजूला ठेवून विचारले, "उद्या किती वाजता निघणार आहेस?"

"पहिल्या एसटीनं."

"मग कडी हळू लाव. शेजारच्या काकू अलीकडे उशिरा उठतात."